लठ्ठ आयकॉनांची गोष्ट

आधी एक पत्र वाचा. माझी इंजिनीअरिंगची एक बॅचमेट आता एका कॉलेजात विभागप्रमुख आहे. तिच्या लॅब असिस्टंटने तिला पाठवलेला हा मेसेज तिने मला पुढे ढकलला, वर एकच ओळ लिहून : "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ रे जरा." दोघांच्या परवानगीने, कॉलेजचं नाव काढून, जसाच्या तसा देतोय.

"मा. विभागप्रमुख मॅडम यांस,
विषय : लॅब क्र. २ मधील संगणकांवर आयकॉन अवाजवी मोठे दिसत असल्याबाबत.
मॅडम, शनिवारी एएमसीचे इंजिनीअर येऊन लॅबमधील सर्व २४ मशीनवर डिस्प्लेचा नवीन ड्रायव्हर टाकून गेले. आज सोमवारी सकाळी मशीन चालू केल्या असता २० मशीनवर आयकॉन फार मोठे दिसत आहेत. मशीन क्र. १, २, १३ व १४ व्यवस्थित आहेत. बिघडलेल्या मशीनवर अक्षरेही मोठी व पुसट आहेत. क्रोमचा गोल आयकॉन अंड्यासारखा आडवा दिसतो. फूटपट्टीने मोजून पाहिले. चांगल्या मशीनवर तो १.२ सेंमी रुंद व १.२ सेंमी उंच आहे. बिघडलेल्या मशीनवर २.२ सेंमी रुंद व १.७ सेंमी उंच आहे. सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये खालची बटणे पडद्याबाहेर जातात. मशीन क्र. ७ वर जुना ड्रायव्हर परत टाकून पाहिला, फरक पडला नाही. इंजिनीअर फोनवर म्हणतात की मॉनिटर जुने झाले, २० नवीन घ्यावे लागतील. गुरुवारी प्रॅक्टिकल परीक्षा आहे. विद्यार्थ्यांनी काही केलेले नाही, शनिवारनंतर लॅब बंद होती व किल्ली माझ्याकडेच होती. कळावे."

शेवटच्या वाक्यात या गृहस्थांनी स्वतःची मान स्वतःहून पुढे केली आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. किल्ली माझ्याकडे होती म्हणजे काही झालं असेल तर जबाबदार मी. आणि समोर काय, तर तीन दिवसांवर आलेली परीक्षा आणि २० मॉनिटरचं कोटेशन. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजात २० मॉनिटर म्हणजे काय प्रकरण असतं, ते ज्यांनी डेडस्टॉक रजिस्टर पाहिलंय त्यांना सांगायला नको.

पण मला या पत्रात सगळ्यात आवडली ती फूटपट्टी. 'आयकॉन मोठे झाले' अशी तक्रार मी नोकरीत शेकड्यांनी वाचली आहे, पण सेंटीमीटरमध्ये कुणी दिली नव्हती. आणि त्या चार आकड्यांमध्ये खरं तर सगळं उत्तर आहे. फक्त ते वाचायला थोडं मागे, म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं मागे जावं लागतं. तर चला.

आयकॉन किती मोठा असतो?

कॉम्प्युटरवरच्या चित्राला 'आयकॉन' हा शब्द दिला डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी, १९७५ साली, स्टॅनफर्डमधल्या त्यांच्या पीएचडीच्या प्रबंधात. पुढे ते झेरॉक्समध्ये गेले. १९८१ साली झेरॉक्सने 'स्टार' नावाचं ऑफिसात वापरायचं मशीन बाजारात आणलं आणि त्यावर फाइल, फोल्डर, छपाईयंत्र अशी चित्रं असलेलं टेबल, म्हणजे आजचा डेस्कटॉप, लोकांनी विकत घेता येईल अशा रूपात पहिल्यांदा पाहिला. त्या पडद्यावर एका इंचात ७२ ठिपके बसत.

७२ हा आकडा छापखान्यातून आला. छपाईत अक्षराची उंची 'पॉइंट'मध्ये मोजतात आणि ७२ पॉइंटचा एक इंच होतो. पडद्यावरही इंचाला ७२ ठिपके ठेवले की एक ठिपका म्हणजे एक पॉइंट. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला, त्यानेही हाच हिशोब धरला. ९ इंची पडदा, त्यावर ५१२ × ३४२ ठिपके. त्याचे आयकॉन काढले सुझन केअर यांनी, चौकटीच्या वहीत, एकेक चौकोन भरून. प्रत्येक आयकॉन ३२ चौकोन रुंद आणि ३२ उंच.

आता ३२ ला ७२ ने भागा. इंचाचा ०.४४ वा भाग, म्हणजे साधारण १.१ सेंटीमीटर.

पीसीच्या जगात मायक्रोसॉफ्टने थोडा वेगळा विचार केला. माणूस कागद हातात धरतो त्यापेक्षा पडदा लांब असतो, मग ७२ च्या हिशोबाने अक्षर बारीक वाटतं. म्हणून त्यांनी कागदावरचा एक इंच पडद्यावर ९६ ठिपक्यांचा मानला. ७२ च्या एक तृतीयांश जास्त. हा ९६ आजही विंडोजच्या पोटात बसून आहे. तुम्ही सेटिंगमध्ये '१००%' वाचता तेव्हा त्याचा खरा अर्थ '९६' असा असतो. १९९० च्या विंडोज ३.० चे बरेचसे आयकॉनही सुझन केअर यांनीच काढले, आणि तेही ३२ × ३२ च. १४ इंची पेटीसारखा मॉनिटर आणि त्यावर ६४० × ४८० ठिपके, असं धरलं तर तो आयकॉन पडद्यावर १.३ सेंटीमीटरच्या आसपास यायचा.

पुढे पडद्यांवर ठिपके दाटीने बसायला लागले, तसा आयकॉनही वाढला. विंडोज व्हिस्टापासून डेस्कटॉपवरचा नेहमीचा आयकॉन ४८ × ४८ ठिपक्यांचा झाला. आपल्या लॅबमधले मॉनिटर २१.५ इंची, १९२० × १०८० ठिपक्यांचे. त्यांची रुंदी ४७.६ सेंटीमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरात ४० ठिपके. ४८ भागिले ४० म्हणजे १.२ सेंटीमीटर. पत्रात चांगल्या मशीनचा आकडा काय आहे? १.२!

गंमत बघा. १९८४ पासून ठिपके किती बदलले, पडदे किती बदलले, पण आयकॉन टेबलावर एक-सव्वा सेंटीमीटरच्या आसपासच राहिला. बोटाच्या नखाएवढा म्हणा. आणि तरीही हे 'सव्वा सेंटीमीटर' मशीनमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. आयकॉनच्या फाइलमध्ये असतात फक्त ठिपके. किती ठिपक्यांचा किती सेंटीमीटर होणार हे ठरतं पडद्यावर. आयकॉन मोठा दिसतो तेव्हा आयकॉनला काहीच झालेलं नसतं. ठिपके आणि सेंटीमीटर यांच्यामधला हिशोब चुकलेला असतो.

तीन प्रकारचा लठ्ठपणा

हा हिशोब तीन ठिकाणी बदलू शकतो, आणि तिन्हींची लक्षणं वेगळी.

पहिला सगळ्यात साधा. कुणीतरी Ctrl दाबून माऊसचं चाक फिरवलं. यात डेस्कटॉपवरचे आयकॉन तेवढे फुगतात, बाकी अक्षरं, मेनू, खालची पट्टी जशीच्या तशी. पोरांची आवडती खोडी. उलटं चाक फिरवलं की संपलं.

दुसरा प्रकार स्केलिंगचा. विंडोज १०० टक्क्यांऐवजी १५० टक्के धरून बसतं. मग आयकॉन, अक्षरं, पट्टी, सगळंच दीडपट होतं. पण दोन्ही बाजूंनी सारखंच. वर्तुळ वर्तुळच राहतं आणि कडा स्वच्छ असतात, कारण विंडोज जास्त ठिपके वापरून मुद्दाम मोठं चित्र काढत असतं. (काही जुने प्रोग्रॅम यात पुसट दिसतात, पण डेस्कटॉप पुसट होत नाही.)

तिसरा प्रकार म्हणजे रिझोल्यूशन खाली येणं. इथे कॉम्प्युटर कमी ठिपक्यांचं चित्र पाठवतो आणि मॉनिटर ते ताणून आपला सगळा पडदा भरतो. ताणल्यामुळे सगळं पुसट होतं. आणि पाठवलेल्या चित्राचा आकार ४:३, पडद्याचा १६:९ असेल, तर ते आडवं जास्त ताणलं जातं. वर्तुळाचं अंडं होतं.

अंडं! पत्रात शब्दच तो आहे. अक्षरं पुसट, हेही आहे. म्हणजे पहिले दोन प्रकार बाद, आणि खोडकर विद्यार्थीही बाद. आता फूटपट्टीकडे वळू. रुंदी १.२ ची २.२ झाली, म्हणजे १.८३ पट. उंची १.२ ची १.७ झाली, म्हणजे १.४२ पट. १९२० ला १.८३ ने भागलं तर १०४९ येतात. १०८० ला १.४२ ने भागलं तर ७६० येतात. फूटपट्टीने मोजताना मिलीमीटरचा फरक पडणारच, तेव्हा याच्या सगळ्यात जवळचं, जगात खरोखर वापरात असलेलं रिझोल्यूशन शोधायचं. ते आहे १०२४ × ७६८.

मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, "दादा, मशीन सातवर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'Display settings' उघडा, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ असेल." पलीकडून दोन सेकंद शांतता. "आहे सर. आणि त्याच्या वरचा पर्यायच दाखवत नाहीये." :)

सॉफ्टवेअरची बटणं पडद्याबाहेर का गेली, तेही आता कळतं. खिडकी १०८० उंचीच्या पडद्यासाठी बनवलेली, आणि पडदा ७६८ ठिपक्यांचाच उरलेला. खालचे तीनशे ठिपके गेले, त्यांच्याबरोबर बटणं गेली.

ड्रायव्हर पळाला की मॉनिटर ओळखू आला नाही?

रिझोल्यूशन खाली आलं हे कळलं, पण का? इथे पुन्हा दोन संशयित, आणि दोघांचाही जन्म जुना.

पहिला संशयित १९८७ चा. त्या वर्षी एप्रिलमध्ये आयबीएमने पीएस/२ ही मशीनं आणली आणि त्यांच्याबरोबर व्हीजीए. ६४० × ४८० ठिपके, १६ रंग. सगळ्यांनी त्याची नक्कल केली आणि व्हीजीए ही पीसीच्या जगाची समान भाषा झाली. त्याच्या पुढचं, म्हणजे ८०० × ६०० वगैरे, प्रत्येक कार्डवाला आपापल्या पद्धतीने करायचा. म्हणून प्रत्येक कार्डाला वेगळा ड्रायव्हर लागू लागला. हा गोंधळ निस्तरायला १९८९ मध्ये व्हेसा ही कंपन्यांची संघटना निघाली. पण सवय तीच राहिली : ड्रायव्हर नीट चालला नाही तर सगळ्यांना येते त्या भाषेवर उतरायचं. विंडोज ९५ चा सेफ मोड आठवतोय का? ६४० × ४८० आणि १६ रंग, ते भलेमोठे आयकॉन... १९८७ च व्हीजीए होतं ते. विंडोज ८ पासून या राखीव ड्रायव्हरचं नाव 'Microsoft Basic Display Adapter' असं आहे. Device Manager मध्ये 'Display adapters' खाली हे नाव दिसलं तर समजायचं की खरा ड्रायव्हर पळाला.

लॅबमध्ये ते नाव नव्हतं. ग्राफिक्सचं खरं नाव व्यवस्थित दिसत होतं, वर पिवळं चिन्हही नाही. म्हणजे नवा ड्रायव्हर नीट बसला होता. शिवाय जुना परत टाकूनही फरक पडला नव्हता, हे पत्रातच होतं. मग मी त्यांना त्याच यादीत थोडं खाली 'Monitors' बघायला सांगितलं. चांगल्या चार मशीनवर होतं 'Generic PnP Monitor'. बाकीच्या वीस मशीनवर होतं :

```
Generic Non-PnP Monitor
```

एका 'Non' चा फरक. त्याचा अर्थ असा की कॉम्प्युटरने मॉनिटरला विचारलं, 'बाबा तू कोण?' आणि पलीकडून उत्तरच आलं नाही.

पिन १२ आणि पिन १५

मॉनिटर उत्तर देतो म्हणजे काय, हा दुसरा संशयित. व्हीजीएच्या प्लगमध्ये १५ पिनांच्या जागा असतात, पाच-पाचच्या तीन ओळी. लाल, हिरवा, निळा यांना १, २ आणि ३. ओळ कुठे सुरू होते आणि पान कुठे सुरू होतं हे सांगायला १३ आणि १४. बाकी बऱ्याचशा जमिनीला जोडलेल्या. चित्र दिसायला एवढं पुरतं.

१९८७ च्या मूळ रचनेत मॉनिटरची ओळख सांगायला चार पिना होत्या : ४, ११, १२ आणि १५. त्यांतली कुठली जमिनीला जोडली आहे एवढ्यावरून मॉनिटर रंगीत आहे की एकरंगी, असं काहीतरी कळायचं. नऊ नंबरची जागा तर चक्क बंद असायची, प्लग चुकीचा बसू नये म्हणून.

मॉनिटर तऱ्हेतऱ्हेचे झाल्यावर हे अपुरं पडायला लागलं. आणि जुन्या पेटीसारख्या मॉनिटरला त्याला न झेपणारा वेग पाठवला तर तो बिघडूही शकायचा. म्हणून १९९४ साली व्हेसाने नवा नियम केला. त्याच प्लगमध्ये पिन १२ वरून माहिती आणि पिन १५ वरून तिचा ठोका जाणार. नऊच्या बंद जागेत आता ५ व्होल्ट येऊ शकणार, म्हणजे मॉनिटर बंद असला तरी त्याची ओळख वाचता येईल. आणि मॉनिटरच्या पोटात एका बारक्या चिपमध्ये १२८ बाइटचं ओळखपत्र असणार. त्याचं नाव ईडीआयडी. ते नेहमी या आठ बाइटने सुरू होतं :

```
00 FF FF FF FF FF FF 00
```

पुढे कुणी बनवला, कधी बनवला, कुठली रिझोल्यूशन चालतात, आणि (हे मला फार आवडतं) पडदा किती सेंटीमीटर रुंद आणि किती उंच आहे. सगळे १२८ बाइट मिळवून २५६ ने भागले तर बाकी शून्य यायला हवी, नाहीतर ओळखपत्र खराब समजायचं. तुमच्या विंडोजवर पाहायचं असेल तर पॉवरशेलमध्ये हे टाइप करा :

```
Get-CimInstance -Namespace root\wmi -ClassName WmiMonitorBasicDisplayParams
```

मशीन एकवर MaxHorizontalImageSize समोर ४८ आणि MaxVerticalImageSize समोर २७ आलं. २१.५ इंची पडद्याची रुंदी आणि उंची, सेंटीमीटरमध्ये. मशीन सातवर हे आकडे आलेच नाहीत.

म्हणजे ठिपके आणि सेंटीमीटर यांच्यातला पूल म्हणजे काय, तर केबलमधल्या दोन बारीक तारा. त्या तुटल्या तरी चित्र दिसतच राहतं, रंगही ठीक असतात. फक्त कॉम्प्युटरला कळत नाही की समोर कोण आहे. आणि अनोळखी मॉनिटर म्हटल्यावर ड्रायव्हर सावधपणे वागतो. कुठल्याही पडद्याला झेपेल असं काहीतरी पाठवतो. बरेच ड्रायव्हर अशा वेळी १०२४ × ७६८ वरच थांबतात. तुम्ही रिझोल्यूशन बदलल्यावर विंडोज १५ सेकंद थांबून 'ठेवू का?' असं विचारतं, तीही याच भीतीची आठवण.

मग शनिवारपर्यंत कसं चालत होतं?

हाच प्रश्न माझ्या मैत्रिणीने विचारला. "अरे, केबल खराब असती तर आधीपासूनच बोंब असती ना?"

उत्तर लॅब असिस्टंटच्या वहीत मिळालं. (हो, वही. लॅब लावली त्या दिवसापासून काय काय केलं ते तारखेनिशी लिहिलेलं.) कॅबिनेट चोरीला जाऊ नयेत म्हणून टेबलाखाली जाळीच्या कपाटात ठेवली होती. मॉनिटरबरोबर आलेली केबल तिथपर्यंत पुरेना, म्हणून २० लांब केबल बाजारातून आणल्या. भिंतीकडच्या चार टेबलांना मूळच्याच केबल पुरल्या. १, २, १३, १४. त्याच दिवशीची नोंद : 'डिस्प्ले लहान येत होता, इंजिनीअरने कस्टम रिझोल्यूशन टाकून दिले, मग त्याच हार्डडिस्कची कॉपी सर्व मशीनला मारली.'

सगळं जुळलं. आजार पहिल्या दिवसापासूनच होता. त्या वेळच्या इंजिनीअरने मॉनिटरला न विचारता ड्रायव्हरला हाताने सांगून ठेवलं की १९२० × १०८० पाठव. ड्रायव्हरने ते लक्षात ठेवलं आणि डिस्कच्या कॉपीबरोबर ती आठवण सगळ्या मशीनवर गेली. शनिवारी नवा ड्रायव्हर टाकताना 'क्लीन इन्स्टॉल' केलं गेलं. त्यात जुन्या फाइलींबरोबर जुनी सेटिंगही पुसली जातात. नव्या ड्रायव्हरने पहिल्यांदाच प्रामाणिकपणे मॉनिटरला विचारलं, आणि उत्तर आलं नाही. जुना ड्रायव्हर परत टाकल्यावर फाइली परत आल्या, पण पुसलेली आठवण कशी येणार? म्हणून फरक पडला नाही.

हा अजून अंदाजच होता. तो तपासायला अदलाबदलीची चाचणी केली. मंगळवारी मशीन एकची केबल सातला लावली. काही क्षणांत पडदा लुकलुकला आणि आयकॉन बारीक झाले. सातची केबल एकला लावली, तर तिथले आयकॉन लठ्ठ! आजार केबलबरोबर चालत गेला. म्हणजे मॉनिटर निर्दोष, ड्रायव्हर निर्दोष आणि विद्यार्थी तर निर्दोषच.

शेवटचा पुरावा शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधून आला. मल्टिमीटर बीपवर ठेवून केबलच्या दोन्ही टोकांच्या सारख्या पिना तपासल्या. १, २, ३, १३, १४ वर बीप. १२ ला शांतता, १५ ला शांतता. प्लगमध्ये पिना होत्या, पण आत त्यांना तारच जोडलेली नव्हती. दोन तारा वाचवलेल्या. इथे एक सावधगिरी : प्लगमध्ये नऊ नंबरची पिन नसली म्हणून केबल खराब समजू नका. जुन्या रचनेत ती जागा बंदच असायची, आजही अनेक चांगल्या केबलना ती नसते. बघायच्या त्या १२ आणि १५, आणि त्याही नुसत्या डोळ्यांनी नाही.

उपाय दोन होते. पुन्हा कस्टम रिझोल्यूशन टाकायचं, किंवा केबल बदलायच्या. परीक्षा जवळ होती म्हणून मंगळवारी दुपारीच पहिला उपाय सगळ्या मशीनवर केला. काम भागलं. पण तो मलमपट्टीच, पुढचा ड्रायव्हर आला की पुन्हा हेच. म्हणून बुधवारी पंधराही तारा असलेल्या २० केबलची मागणी गेली, आणि मॉनिटरचं कोटेशन फाइलमध्येच राहिलं.

याला मर्यादाही आहेत, त्या सांगायला हव्यात. केबल बदलूनही 'Non-PnP' राहिलं, तर मध्ये कुठला स्प्लिटर, स्विच किंवा एचडीएमआयचा कन्व्हर्टर आहे का ते बघायचं. स्वस्तातले कन्व्हर्टर हे ओळखपत्र पुढे पोचवत नाहीत. मॉनिटर थेट जोडूनही उत्तर नाही, तर त्याच्या पोटातली ती चिपच गेलेली असू शकते. तेव्हा ते १२८ बाइट विंडोजला हाताने पुरवायची सोय आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आणि हो, तुमच्या ऑफिसात कुणी 'आयकॉन मोठे झाले' असं म्हणालं, तर ड्रायव्हर उलटवायच्या आधी तीन प्रश्न विचारा. अक्षरंही मोठी झाली का? पुसट दिसतंय का? गोल आयकॉन गोलच आहे का? फक्त आयकॉन मोठे तर माऊसचं चाक. सगळं मोठं पण गोल आणि स्वच्छ, तर स्केलिंग. पुसट आणि अंडाकार, तर Device Manager उघडून 'Display adapters' आणि 'Monitors' या दोन ओळी वाचा. पहिलीत 'Basic' असेल तर ड्रायव्हर बघा. दुसरीत 'Non-PnP' असेल तर ड्रायव्हरला हात लावू नका, टेबलाखाली वाका.